तिसऱ्या रांगेतले ओठ

उद्या ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. परिपाठानंतर मला पाच मिनिटं बोलायचं आहे. गेली अकरा वर्षं मी दरवेळी ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या, विद्येवाचून काय काय गेलं हे सांगणाऱ्या त्याच ओळींनी सुरुवात करत आले. मागच्या वर्षी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ माझ्याबरोबर हलताना दिसले. माझं वाक्य पुरं होण्याआधी तिचं पुरं झालं होतं. मग ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. पुढची चार मिनिटं तिच्यासाठी मी बोललेच नव्हते.

ओळींचा काहीच दोष नाही. मी त्यांच्यामागे लपत होते. मोठ्यांचे शब्द म्हटले की चूक निघत नाही, टाळ्या मिळतात आणि स्वतः काही वाचायचे कष्ट वाचतात, हे मला आज मान्य करावं लागतं.

म्हणून आज पुन्हा लिहायला बसले. पहिला प्रयत्न ‘तुम्हाला माहीत आहे का’ असा होता. त्यावर मैदानातून एका सुरात ‘हो’ येतं आणि सगळं तिथंच संपतं. दुसरा प्रयत्न होता, ‘सावित्रीबाईंनी शेण-चिखल सोसला आणि तुम्हाला मात्र सगळं आयतं मिळतं.’ हे वाचून माझीच मला लाज वाटली. सकाळी सातला थंडीत उभ्या असलेल्या मुलांना मी एका थोर बाईंचं नाव घेऊन रागावणार होते.

तिसऱ्यांदा लिहिलं ते असं:

‘आठवी-नववीच्या मुलामुलींनो, १८५५ साली तुमच्याच वयाच्या एका मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचं नाव मुक्ता. मांग समाजातली ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली. आपल्या लोकांतल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं लिहिलं. तुम्ही आज काय पाहिलंत, जे अजून कुणी लिहिलेलं नाही?’

मोठ्यानं वाचलं तर अर्धं मिनिट लागलं. मग यातल्या आणि पुढच्या भाषणातल्या प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावली: हे अर्ध्यावर सोडलं तर मुलं पुरं करतील का? जी वाक्यं मुलं पुरी करतील, ती काढली. ‘थोर समाजसुधारक’ गेलं, ‘क्रांतीची ज्योत’ गेली. शेवटचा प्रश्न ठेवला, कारण त्याला एका सुरात उत्तर देता येत नाही.

मुक्ताच्या निबंधाबद्दल मला बऱ्याच उशिरा कळलं, ही माझी चूक. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. मी मात्र शिक्षिका असून अकरा वर्षं पाठांतर ऐकवत राहिले.

उद्या बोलताना पुढचं आठवलं नाही, तर मी गप्प उभी राहीन. त्या पाठ ओळींकडे वळणार नाही.