बोलून लिहिलेलं आणि यंत्राचा संशय

पेडण्यातल्या माणसाच्या तोंडी एका दिवसात तीन भाषा येतात आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. घरात कोकणी, तीही तेरेखोल नदीपलीकडच्या मालवणीला खेटून असलेली. देवळातल्या कीर्तनात, दशावतारात आणि सकाळच्या वर्तमानपत्रात मराठी. कॉलेजच्या वर्गात इंग्रजी. डिचोलीतही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेल्या नव्या काबिजादींतले. तोवर इथे मराठी चांगलीच रुजलेली होती. १९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठी वापरण्याची मुभाही ठेवली.

मोबाइलच्या कळफलकावरचा माइक दाबला की मात्र भाषा सहसा एकच निवडावी लागते. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने आणखी आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली, त्यांत मराठी होती. तेव्हापासून गावची बातमी, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल, महिला मंडळाचं निवेदन असं बरंच काही आधी बोललं जातं आणि मग लिखाण होतं. वेळ वाचतो हे उघडच आहे. २०१६मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोबाइलवर इंग्रजी लिहून पाहिलं, तेव्हा बोलणं टायपिंगच्या सुमारे तिप्पट वेगाचं ठरलं. जोडाक्षरं आणि काना-मात्रा शोधत बसणाऱ्या मराठी बोटांना हा फरक वेगळा सांगायला नको.

पूर्वीही तालुक्याचे वार्ताहर फोनवरून बातमी सांगत आणि पणजीच्या कचेरीत कुणीतरी ती उतरवून घेई. तो उतरवणारा अडला की विचारायचा, ‘मानस म्हणजे काय हो?’ आताचा लेखनिक विचारत नाही. तो अंदाज करतो, आणि पुढचा सगळा घोळ त्या अंदाजातून सुरू होतो.

एक वाक्य घेऊन पाहू. समजा कोरगावच्या बाजूचा कुणी फोनला सांगतो आहे: ‘काल राती भरती मोठी होती ना, मानशीची फळी फुटली आणि पाणी शिरलं सगळं खाजनात, आमच्या बाजूक.’ मानस म्हणजे खाजन शेतीच्या बांधातलं दार. भरतीचं खारं पाणी ते अडवतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. गोव्याच्या खाडीकाठच्या माणसाला हा रोजचा शब्द आहे. मराठी म्हणून गोळा केलेल्या आवाजांत आणि मजकुरात मात्र तो क्वचितच असणार. आवाज ओळखणारं यंत्र कानावर आलेल्या ध्वनींशी जुळणारे अनेक पर्याय मांडतं आणि त्यांतून मराठीत एरवी जी शब्दांची ओळ जास्त संभवते ती उचलतं. त्यामुळे पडद्यावर उमटेल ते साधारण असं असेल: ‘काल रात्री भरती मोठी होती ना माणसाची फळी फुटली आणि पाणी शिरलं सगळं खाजगीत आमच्या बाजूला’.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. ‘माणसाची फळी’ आणि ‘खाजगीत’ या उघड चुका; वाचणारा हसेल आणि दुरुस्त करेल. ‘राती’चं ‘रात्री’ आणि ‘बाजूक’चं ‘बाजूला’ झालं, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण ती चूक वाटतच नाही. बोलणाऱ्याची पेडणेकारी तिथे सरळ इस्त्री होऊन गेली. संभाव्यतेच्या हिशेबाने शब्द निवडणारं एक भाषिक प्रारूप लेखकाच्या आणि कागदाच्या मध्ये बसलं होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं.

आता हाच मजकूर ‘हे माणसाने लिहिलं की यंत्राने’ असं सांगणाऱ्या शोधकापुढे ठेवू. या शोधकांतल्या पुष्कळांची मुख्य पट्टी संभाव्यतेचीच असते. मजकुराचा एकेक तुकडा झाकून ते बघतात, की आधीचं वाचून पुढचा तुकडा किती सहज ओळखता आला असता. सगळंच सहज ओळखता येत असेल तर संशय वाढतो. एडवर्ड टियान या विद्यार्थ्याने जानेवारी २०२३मध्ये आणलेल्या जीपीटीझिरोने याला दुसरं माप जोडलं होतं: वाक्यं लहानमोठी, उसळती आहेत की सगळी एका उंचीची. माणूस दमतो, घाईत असतो, मध्येच आठवून बोलतो, म्हणून त्याचा मजकूर ओबडधोबड असतो असं यामागचं गृहीतक आहे.

या पट्टीवर कच्चं श्रुतलेखन सहसा सुटून जातं. विरामचिन्हं नसतात किंवा भलत्याच जागी असतात. गूगल डॉक्समध्ये बोलून विरामचिन्हं घालण्याची सोय मोजक्या युरोपीय भाषांपुरती सांगितलेली आहे, मराठी त्यांत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती बोलण्याची रचना. लिहिताना मराठी माणूस क्रियापद शेवटी ठेवतो आणि वाक्य मिटवतो. बोलताना क्रियापद आधी येऊन जातं आणि राहिलेलं मागून लोंबतं: ‘पाणी शिरलं सगळं खाजनात, आमच्या बाजूक’. छापील मराठीवर वाढलेल्या यंत्राला असल्या वाक्याचा पुढचा शब्द ओळखणं जड जातं, आणि तो जडपणाच माणूसपणाचा पुरावा म्हणून धरला जातो.

पण असा मजकूर कुणी तसाच पाठवत नाही. विद्यार्थी असो की वार्ताहर, तो भलते शब्द हाताने सुधारतो आणि मग एखाद्या साधनाला सांगतो, फक्त विरामचिन्हं घाल आणि चुका काढ. हाती काय येतं? ‘काल रात्री आलेल्या मोठ्या भरतीमुळे मानशीची फळी फुटली. परिणामी, आमच्या परिसरातील खाजन शेतीत खारे पाणी शिरले.’ क्रियापदं शेवटी जाऊन बसली. वाक्यं जवळपास सारख्या लांबीची झाली. ‘परिणामी’ कुणी म्हटलं नव्हतं, ‘खारे’ही नाही. माहिती माणसाची आहे, क्रमही त्याचाच आहे, पण शोधक जे मोजतो त्यातलं जवळजवळ सगळं दोनदा धुऊन निघालं: एकदा आवाज ओळखताना आणि एकदा साफसफाई करताना. हाच माणूस हेच वाक्य बोटांनी टाइप करता, तर त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, सुटलेले अनुस्वार, ‘की’च्या जागी ‘कि’ हे सगळं मजकुरात राहिलं असतं आणि त्याला वाचवून गेलं असतं.

यावरून श्रुतलेखन ओळखण्याची एक चांगली खूण मिळते, आणि ती यंत्रापेक्षा तालुक्यातल्या शिक्षकाला लवकर सापडेल. टाइप करणाऱ्याची चूक बहुधा शब्दाच्या आत असते. शब्द बरोबर, लेखन अशुद्ध. बोलून लिहिणाऱ्याची चूक याच्या उलट असते. लेखन अगदी शुद्ध, शब्दच भलता. आवाज ओळखणारं यंत्र शिकलेल्या शब्दांच्याच वळणाने लिहितं, म्हणून ते ‘खाजगी’ निर्दोष लिहितं, जिथे खाजन हवं होतं. आपणहून निबंध रचणाऱ्या यंत्राच्या मजकुरात या दोन्ही प्रकारच्या चुका कमीच आढळतात. त्यामुळे कच्च्या प्रतीत शुद्ध पण विसंगत शब्द विखुरलेले दिसले, तर तो मजकूर कुणीतरी तोंडाने सांगितला असावा असं मानायला बरीच जागा आहे.

काही ठिकाणी मजकुराऐवजी लिहिण्याची क्रिया तपासली जाते: किती कळा दाबल्या, कुठे थांबला, किती खोडलं. श्रुतलेखनाची इथे वेगळी अडचण होते. बोललेलं अक्षराअक्षराने उतरत नाही, वाक्यखंड एकदम येऊन पडतो. आवृत्तींचा इतिहास उलगडणाऱ्याला ते कुठून तरी उचलून चिकटवल्यासारखं दिसू शकतं. वेब पानाला चिकटवलेला मजकूर `insertFromPaste` या नावाने वेगळा कळतो खरा, पण प्रत्येक तपासनीस तेवढ्या खोलात जातोच असं नाही. शिवाय अँड्रॉइडच्या कळफलकावरून लिहिताना पुष्कळदा कोणतीही कळ दाबली तरी पानाला `229` हा एकच आकडा मिळतो. म्हणजे बोटांचा ताल मोजणारी पद्धत मोबाइलवरच्या मराठीसमोर, टाइप केलेल्या असो वा बोललेल्या, अर्धी आंधळी असते.

आणि हे सगळं शोधक मराठी वाचू शकतो असं धरून चाललं आहे. ते धरणंच धाडसाचं आहे. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिलं जातं. पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोहोंपैकी एक, आणि खरा फरक पडतो तो तिसऱ्यात. मुख्यतः इंग्रजीवर वाढलेलं जुनं प्रारूप मराठी शब्द अशा बाइटांपर्यंत फोडतं. मग त्याच्या हिशेबात तुकड्यांचा मोठा भाग आधीच ठाऊक असलेला निघतो, सरासरी खाली येते आणि मजकूर ‘सहज ओळखता येणारा’ ठरतो. पेडण्याचा शेतकरी काय म्हणाला याचा त्या आकड्याशी फारसा संबंध उरत नाही.

इंग्रजीतही अवस्था फार बरी नव्हती. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात शोधकांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. शब्दसंग्रह मर्यादित, रचना ठरलेल्या, म्हणून संभाव्यता जास्त, एवढंच त्याचं कारण. ओपनएआयने स्वतःचा शोधक त्याच वर्षी जानेवारीत आणला तेव्हाच बजावलं होतं, की तो माणसाचं लिखाण ९ टक्के वेळा यंत्राचं म्हणतो आणि इंग्रजीबाहेर वापरू नये. जुलैत, अचूकता कमी असल्याचं सांगून, त्यांनी तो मागेच घेतला.

महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या टर्निटिनची यंत्रलेखन तपासणी एप्रिल २०२३मध्ये इंग्रजीपुरती सुरू झाली. मग मराठी प्रकल्प हाती आलेल्या परीक्षकाला एक पळवाट सुचू शकते: मजकूर आधी इंग्रजीत भाषांतरित करायचा आणि तो शोधकाला द्यायचा. भाषांतर करणारं यंत्रही शब्द निवडतं ते संभाव्यतेनेच. त्या पायरीवर मूळ मजकुरातली टाइप केलेली चूकही जाते, बोललेली चूकही जाते, मागून लोंबणारं ‘आमच्या बाजूक’ही जातं, आणि शोधक जो गुण देतो तो भाषांतरकार यंत्राच्या इंग्रजीला दिलेला असतो. विद्यार्थ्याचं नाव फक्त वर छापलेलं असतं.