दोन कोटींची प्रार्थना आणि तिला आलेले उत्तर

२० ऑगस्ट १८६२च्या 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या पानाचे छायाचित्र आता कुणालाही पाहता येते. बारीक टाइपात, एकापाठोपाठ क्रमांक घालून नऊ मुद्दे छापले आहेत. संपादक होरेस ग्रीली यांनी हा अग्रलेख थेट राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना उद्देशून लिहिला आणि त्याला नाव दिले 'दोन कोटींची प्रार्थना'. दोन कोटी म्हणजे उत्तरेकडच्या निष्ठावंत राज्यांतली जनता.

लिंकनचे उत्तर जगभर उद्धृत होते, अग्रलेख मात्र फारसा कोणी वाचत नाही. त्यामुळे उत्तराचा अर्थच बदलून जातो. पत्र हे लिंकनचे गुलामगिरीविषयीचे अंतिम मत समजले जाते. प्रत्यक्षात ते एका विशिष्ट युक्तिवादाला, एका विशिष्ट आठवड्यात दिलेले उत्तर होते.

ग्रीलींची पहिली तक्रार कायद्याची होती. बंडखोरांचे गुलाम मुक्त ठरवणारा जप्तीचा कायदा काँग्रेसने जुलैत मंजूर केला होता, पण सेनापती तो पाळत नव्हते. दूरच्या मळ्यांतून पायपीट करत न्यू ऑर्लिन्सला आश्रयासाठी आलेल्या गुलामांवर तिथेच कसा हल्ला झाला, हे ग्रीलींनी पुरावा म्हणून मांडले. या सगळ्याच्या मुळाशी असलेला मुख्य युक्तिवाद एकच होता: बंडाचे कारण गुलामगिरी आहे; कारण जपायचे आणि बंड मोडायचे, ही गोष्ट अशक्य आहे.

दोनच दिवसांनी लिंकननी लेखणी उचलली. पत्र ग्रीलींच्या नावे होते, पण छापले गेले वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इंटेलिजन्सर'मध्ये. अग्रलेखातल्या विधानांत चुका असल्या तरी मी त्या खोडत नाही, अनुमाने खोटी असली तरी वाद घालत नाही, आणि अधीर, हुकमी सूर जुन्या मित्राखातर सोडून देतो, एवढे म्हणून ते थेट स्वतःच्या भूमिकेवर आले. आपले ध्येय संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधले तर तसे करीन, सर्वांना मुक्त करून साधले तर तसे, आणि काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसेच ठेवून साधले तर तसेही. मूळ मसुद्यात आणखी एक वाक्य होते: फुटलेली अंडी पुन्हा सांधता येत नाहीत, आणि फोडाफोड जितकी लांबेल तितकी अधिक फुटतील. वृत्तपत्राच्या संपादकांना ते राष्ट्राध्यक्षाच्या पत्रात शोभेना, म्हणून गाळले गेले. मला ते राहायला हवे होते असे वाटते, कारण बंडखोरांना दिलेला इशारा त्यातच सर्वांत स्पष्ट होता.

ग्रीलींच्या मुख्य युक्तिवादाला या पत्रात उत्तर नाही. युद्धाचे कारण काय, यावर लिंकन अवाक्षरही काढत नाहीत. पण हे पत्र गेले तेव्हा मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होऊन महिना झाला होता. २२ जुलैला त्यांनी तो मंत्रिमंडळापुढे वाचला होता. परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांनी सुचवले, की पराभवाच्या काळात काढला तर ती हतबलांची हाक वाटेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. म्हणून लिंकन थांबले होते, आणि तेवढ्यात अग्रलेख आला. 'काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसेच ठेवून' या तिसऱ्या पर्यायात त्या मसुद्याचे स्वरूपच लपले होते. सप्टेंबरात अँटिएटमची लढाई झाली आणि पाच दिवसांत प्राथमिक जाहीरनामा निघाला.

लिंकनचा विचार कसा सरकत गेला, हे त्यांनी स्वतःच एप्रिल १८६४मध्ये सांगितले, तेही केंटकीतल्या एका संपादकाला, अल्बर्ट हॉजेस यांना लिहिलेल्या पत्रात. १८६१मध्ये जनरल फ्रेमाँटनी मिसूरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केले, तेव्हा मी ते रोखले; पुढे जनरल हंटरचा तसाच हुकूमही रद्द केला, कारण अपरिहार्य गरज अजून आली नव्हती. सीमावर्ती राज्यांना भरपाई घेऊन गुलाम सोडा, असे तीनदा विनवले, त्यांनी नाकारले. मग एक तर संघराज्य गमवायचे, नाही तर गुलामांना आपल्या बाजूने उभे करायचे, एवढेच उरले. घटनांवर माझा ताबा नव्हता, घटनांनीच मला ताब्यात ठेवले, अशी कबुलीही त्यात आहे. मार्च १८६५च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात ते आणखी पुढे गेले. गुलामगिरीतले हितसंबंध कोणत्या ना कोणत्या प्रकारे युद्धाचे कारण होते, हे सर्वांनाच ठाऊक होते, असे ते म्हणाले. अडीच वर्षांपूर्वी अनुत्तरित ठेवलेला ग्रीलींचा युक्तिवाद असा त्यांच्याच तोंडून आला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती दास्यमुक्तीच्या कामाबद्दल. त्या कामाची किंमत मोजताना 'बाकीच्यांना तसेच ठेवून' हे शब्द वगळून चालत नाही. जाहीरनामा युद्धाधिकारातला होता, म्हणून तो बंडखोर प्रदेशापुरताच लागू झाला. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायदेशीर राहिली, आणि तिथली माणसे डिसेंबर १८६५मध्ये तेरावी घटनादुरुस्ती संमत झाल्यावरच मोकळी झाली.