आत्ता नाही, एप्रिलनंतर

अनोळखी नावाचा निरोप येतो : ‘तुमचं प्रोफाइल पाहिलं. आमच्याकडे एक चांगली जागा आहे. बोलता येईल का?’ हातातली नोकरी बरी चालली असेल, तर बहुतेक जण त्याला उत्तर देत नाहीत. काही जण सौजन्यानं लिहितात, ‘सध्या विचार नाही, पुढे काही असेल तर जरूर कळवा.’ हे लिहिणाऱ्याला वाटतं, दार उघडं ठेवलं. पण मी बरीच वर्षं भरतीच्या कामात, म्हणजे असे निरोप पाठवणाऱ्यांच्या बाजूला काढली आहेत, आणि तिथून पाहिलं तर या वाक्यात हाताला लागावं असं काहीच नसतं. ‘पुढे’ म्हणजे कधी? ‘काही’ म्हणजे काय? ज्याला ही दोन्ही उत्तरं मिळत नाहीत, तो पुढच्या नावाकडे वळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

उत्तर लिहिण्याआधी समोर कोण आहे ते पाहावं. कंपनीच्या स्वतःच्या मनुष्यबळ विभागातली व्यक्ती असेल, तर आजची जागा भरली तरी तिचं काम संपत नाही. तशाच प्रकारची जागा सहा-आठ महिन्यांनी पुन्हा निघते आणि तेव्हा तिला नावं लागतातच. कन्सल्टन्सीतल्या माणसाचं गणित वेगळं असतं. उमेदवार रुजू झाला तरच त्याच्या संस्थेला पैसे मिळतात. आपल्याकडे हा मोबदला बरेचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा ठरलेला असतो. त्याच जागेसाठी आणखी दोन-तीन कन्सल्टन्सी धावत असतात. म्हणून त्याला आज, या आठवड्यात नाव हवं असतं. ‘नामांकित बहुराष्ट्रीय कंपनी’ असं मोघम लिहून तो कंपनीचं नाव लपवतो तेही याचसाठी, कारण नाव कळलं आणि तुम्ही परस्पर अर्ज केला तर त्याचे श्रम वाया जातात. दोघांनाही उत्तर द्यावं. पण पुढच्या वर्षीची आशा पहिल्याकडून जास्त धरावी.

नकार कळवणं हेसुद्धा त्यांच्या उपयोगाचं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. लिंक्डइनवर ओळख नसलेल्या माणसाला पाठवलेला निरोप, म्हणजे इनमेल, विकत घ्यावा लागतो आणि त्यांची संख्या मोजकी असते. तुम्ही ९० दिवसांच्या आत उत्तर दिलंत, अगदी ‘नको’ म्हणालात तरी, तो खर्ची पडलेला इनमेल पाठवणाऱ्याला परत मिळतो. गप्प राहिलात तर तो गेला. तेव्हा दोन ओळींच्या नकारानंही समोरच्या माणसाचं काम थोडं हलकं होतं. हा माणूस बहुधा पंचविशीतला, दिवसभर नकार किंवा शांतता झेलणारा असतो. त्याला उत्तर द्यावं असं मला मनापासून वाटतं, ते याही कारणानं.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. माझ्या ओळखीची एक इंजिनिअर चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिला ऑक्टोबरमध्ये एका वाहन कंपनीच्या भरती विभागातून निरोप आला. जागा सप्लायर क्वालिटीची, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन तिथली गुणवत्ता सांभाळायची. निरोपात तिच्या कास्टिंगमधल्या अनुभवाचा उल्लेख होता. शेकडो लोकांना एकदम गेलेल्या निरोपात असा उल्लेख नसतो. कुणीतरी खरंच प्रोफाइल वाचलं होतं, हे त्यावरून कळत होतं. खाली नेहमीची मागणी : सीव्ही, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड.

तिला हे काम आवडणारं होतं. पण तिच्या हातात एका नव्या भागाचं काम होतं, त्याची ग्राहकाकडून मंजुरी मार्चपर्यंत व्हायची होती, आणि वर्षाचा बोनस मार्चच्या पगारात मिळणार होता. शिवाय सासूबाईंच्या उपचारांमुळे पुणे सोडणं शक्य नव्हतं. तिनं उत्तर इंग्रजीत पाठवलं. त्याचा आशय असा होता :

‘नमस्कार. माझा कास्टिंगचा अनुभव पाहून लिहिलंत, त्याबद्दल आभार. हाती घेतलेलं काम मार्चअखेर पूर्ण करायचं असल्यानं तोपर्यंत मी नोकरी बदलणार नाही, म्हणून या जागेसाठी माझा विचार करू नये. एप्रिलनंतर सप्लायर क्वालिटीतली, पुणे परिसरातली, टीम सांभाळायची जबाबदारी असलेली जागा असेल तर बोलायला आवडेल. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. कनेक्शनची विनंती पाठवते आहे, इथेच संपर्क ठेवू.’

या उत्तराकडे भरती करणाऱ्याच्या नजरेनं पाहा. ‘या जागेसाठी माझा विचार करू नये’ या शब्दांनी तिनं समोरच्या व्यक्तीला मोकळं केलं. ती व्यक्ती आता आठवडाभर वाट पाहणार नाही, तिच्या वरिष्ठांना ‘एक जण विचार करते आहे’ असं सांगणार नाही. ‘एप्रिलनंतर’ हा शब्द तर सगळ्यात मोलाचा. भरतीच्या प्रणालीत प्रत्येक नावापुढे शेरा लिहायची आणि पुन्हा संपर्काची तारीख टाकायची सोय असते. ‘पुढे कधीतरी’ ही तारीख त्या चौकटीत बसत नाही. एप्रिल बसतो. ‘पुणे’ आणि ‘सप्लायर क्वालिटी’ हे शोधता येणारे शब्द आहेत. सहा महिन्यांनी त्याच विभागातल्या दुसऱ्याच कुणी शोध घेतला, तरी हा शेरा त्याच्यासमोर येतो. नोटीस पिरियड सांगितल्यानं हेही कळलं की जूनमध्ये माणूस हवा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच बोलावं लागेल. लिंक्डइनवर ‘नंतर बघू’ अशा अर्थाचं तयार उत्तर एका टिचकीत पाठवता येतं. त्यानं सौजन्य पाळलं जातं, पण यातली एकही गोष्ट पोहोचत नाही.

बोनसचा उल्लेख तिनं केला नाही, सासूबाईंचाही नाही. कारण खरं असावं, पण सगळं सांगायची गरज नसते. सध्याच्या कंपनीबद्दल तक्रारीचा तर एक शब्दही लिहू नये. तो शेरा तुमच्या नावापुढे कोण कधी वाचेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

तिनं सीव्ही पाठवला नाही, पगाराचा आकडाही दिला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच लोक भिडस्तपणे फसतात. ‘आत्ता नाही तर नाही, रेकॉर्डला सीव्ही पाठवून ठेवा,’ असं समोरून गोड शब्दांत सांगितलं जातं. कंपनीच्या माणसाच्या बाबतीत यात फारसा धोका नाही. कन्सल्टन्सीच्या बाबतीत मात्र काही जण तो सीव्ही न विचारता दोन-तीन कंपन्यांकडे पाठवून देतात. ज्या कन्सल्टन्सीनं नाव आधी दिलं तिचा त्या उमेदवारावर ठरावीक काळ, करारानुसार सहा महिने किंवा वर्षभर, हक्क धरला जातो. मग पुढे त्याच कंपनीतली तुमची मैत्रीण तुमचं नाव आतून सुचवायला जाते, तेव्हा प्रणाली सांगते की हे नाव आधीच आलेलं आहे. मैत्रिणीची शिफारस बाद होते, आणि कंपनीला कन्सल्टन्सीचे पैसे द्यायचे नसतील तर तुमच्या नावाकडे कुणी पाहतही नाही. तुम्हाला याचा पत्ता लागत नाही. म्हणून सीव्ही द्यायचाच असेल तर सोबत एक ओळ लिहून द्यावी : माझी लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुठल्याही कंपनीला पाठवू नये. जागेला नाही म्हटल्यावर पॅन किंवा जन्मतारीख मागणाऱ्याला ती देऊ नये. नोंदणीसाठी पैसे मागणारा तर भरतीवाला नव्हेच.

पगाराचं कारण साधं आहे. आज दिलेला आकडा शेऱ्यात राहतो. मार्चमध्ये तुमची पगारवाढ होते, पण एप्रिलमध्ये बोलणी सुरू होतात ती जुन्या आकड्यापासून. बोलायचं तेव्हाच तो सांगावा.

आणखी एक मोह असतो. बदलायचं नाही हे मनाशी पक्कं असतानाही ‘बाजारात आपली किंमत किती ते तरी पाहू’ म्हणून मुलाखतीला होकार द्यायचा. मी हे दुसऱ्या बाजूनं पाहिलेलं आहे. तीन फेऱ्या होतात, कारखान्याचे प्रमुख वेळ काढतात, ऑफर तयार होते आणि उमेदवार शांतपणे म्हणतो, मला बदलायचंच नव्हतं. भरती करणाऱ्या मुलीला त्याचा जाब द्यावा लागतो, आणि त्या नावापुढे जो शेरा पडतो तो कितीतरी वर्षं तिथेच राहतो. आत्ताच स्पष्ट नाही म्हणणाऱ्याला पुन्हा फोन करावासा वाटतो. याला नाही.

उत्तर शक्यतो दोन-चार दिवसांत द्यावं. ऑफिसच्या ईमेलवरून किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून देऊ नये, कारण तिथला पत्रव्यवहार कंपनी पाहू शकते. एखाद्या मित्राला ती जागा शोभेल असं वाटलं, तर आधी मित्राला विचारावं आणि तो हो म्हणाला तरच नाव द्यावं. न विचारता दिलेला फोन नंबर त्याच्या साहेबासमोर मीटिंगमध्ये वाजू शकतो.

राहिली कनेक्शनची विनंती. भरतीतली माणसं स्वतःही नोकऱ्या वारंवार बदलतात. कंपनीनं घेतलेल्या भरतीच्या खात्यातले निरोप आणि शेरे कंपनीकडे राहतात, ईमेल बंद होतो. व्यक्तीचं स्वतःचं प्रोफाइल मात्र तिच्याबरोबर जातं. चाकणच्या त्या इंजिनिअरच्या बाबतीत हेच झालं. तिला लिहिणारी मुलगी फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीत गेली. जुन्या कंपनीकडून एप्रिलमध्ये काहीच आलं नाही. नव्या कंपनीतून त्या मुलीनं मे महिन्यात लिहिलं, ‘तुम्ही एप्रिलनंतर म्हणाला होतात.’ जागा तळेगावला होती, सप्लायर क्वालिटीचीच, फक्त टीम नव्हती. हिनं पुन्हा नाही कळवलं, या वेळी एवढंच लिहून की टीमची जबाबदारी असेल तर दिवाळीपर्यंत कधीही विचारा. आणि या वेळी तिनं आपल्या स्वतःच्या कॅलेंडरमध्येही दिवाळीनंतरच्या सोमवारी त्या मुलीचं नाव लिहून ठेवलं, तिकडून काही आलं नाही तर आपणच विचारायचं म्हणून.