न ऐकू आलेला आवाज

आमच्या पेठेतील एक सद्गृहस्थ, जे सरकारी हिशेब खात्यात हयात घालवून निवृत्त झाले आहेत, त्यांनी परवा सहज म्हणून एक शेरा मारला आणि तो अजून माझ्या मनातून जात नाही. शेजारच्या अण्णांनी पुण्यातल्या आपल्या मुलीच्या घरचा एसी सोलापुरात बसून, व्हिडिओ कॉलवरून, कसा दुरुस्त करवला याची हकिकत निघाली होती. ती ऐकून हे गृहस्थ म्हणाले, "दोन माणसांची रात्र गेली. मेकॅनिकला चार पैसे दिले असते तर काय बिघडलं असतं?" जमाखर्चाच्या वहीत हा आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु त्या रात्री मी अण्णांच्या ओसरीवर, त्यांच्या शेजारीच बसलो होतो. आणि जे पाहिले ते या वहीत कोणत्या रकान्यात घालावे हे मला काही केल्या सुचत नाही.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून या शहराने भोंग्याच्या हुकमावर दिवस काढले आणि गिरण्या गेल्या तरी मागांचा खडखडाट गेला नाही, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. जॉबर म्हणजे माग लावणारा, जोडणारा आणि बिघडला तर उठवणारा इसम. शेकडो मागांच्या कोलाहलात एका मागाचा धोटा पेटीत किंचित उशिरा पोहोचतो आहे, हे त्याला मान वळवण्यापूर्वीच कळते. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवून त्याची मूठ कानाशी लावायची आणि आतला घाव ऐकायचा, ही अण्णांची नित्याची रीत होती. असे ज्ञान कानात आणि हातात वसते, ते शब्दांत उतरत नाही, अशी माझी पूर्वापार समजूत होती. आणि कारखान्यातील पोऱ्यांना अण्णांनी तीस वर्षांत "बघ आणि शीक" यापलीकडे फारसे काही सांगितल्याचे कोणाला आठवत नाही, हा माझ्या समजुतीला भक्कम दाखलाच होता.

मुलीने हडपसरला आयुष्यातले पहिले घर घेतले, दस्त नोंदवला, मार्चमध्ये ताबा मिळाला, आणि एप्रिलच्या उकाड्यात शयनगृहात दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवून घेतला. त्यानंतर रोज रात्री, साधारण झोप लागायच्या सुमारास, उशामागच्या भिंतीतून एक खोल घुमारा सुरू होई. बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस तक्रारीवरून दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा दुपारी आला, दोन्ही वेळा यंत्र निमूट चालत होते. त्याने जाळी धुतली, आवाज नेहमीचाच आहे असे सांगितले, आणि तो गेला. हिशेबी गृहस्थांना माझे पहिले उत्तर इथेच आहे. तो माणूस अकुशल होता असे मी म्हणत नाही. दुपारच्या चाळीस अंशांत यंत्राला दम घ्यायला सवड नसते, त्याचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने फिरत असतो. आणि हा दोष तर केवळ तो मंदावल्यावर प्रकट होणारा होता. जो मनुष्य त्या घरात निजतो त्याच्याखेरीज या दोषाला साक्षीदारच नव्हता.

रात्री नऊनंतर कॉल लागला. मुलीने फोन भिंतीशी धरला आणि विचारले, "ऐकू येतंय का, बाबा?" अण्णांनी डोळे मिटून कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ज्या कानाने मागांच्या जंगलातून एक बेअरिंग वेचून काढावे, त्या कानाला काहीही ऐकू आले नाही. मलाही आले नाही. याचे कारण पुढे चौकशी केल्यावर समजले. फोनवरच्या संभाषणात माणसाचा आवाज तेवढा स्वच्छ पोहोचावा म्हणून जो आवाज अखंड आणि एकसुरी असेल त्याला गोंगाट समजून ही यंत्रणा गाळून टाकते; शिवाय इतका खर्जातला स्वर वाजवण्याची ताकद फोनच्या इवल्याशा स्पीकरमध्ये नसते. म्हणजे मुलगी ज्या गोष्टीने हैराण झाली होती, नेमकी तीच गोष्ट मध्येच जप्त होत होती. अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मला काय बी ऐकू येईना. आता तूच ऐक, आणि मी विचारतो ते सांग."

त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती आवाज कुठून येतो ही नव्हे, तर तो मनात येईल तेव्हा बोलावता येतो का, ही. त्यांनी तिला तापमान अठरावर आणावयास लावले. काही मिनिटांत यंत्राने वेग घेतला आणि घुमारा विरून नुसती हवेची सळसळ उरली. मग सव्वीसवर न्यावयास सांगितले. खोली आधीच गार असल्याने कॉम्प्रेसर मंदावला, आणि घुमारा परत आला. शेवटी रिमोटवर नुसता पंखा ठेवावयास सांगितला. घरातल्या यंत्राचा पंखा चालूच राहिला, परंतु घुमारा बंद पडला. एवढ्यावरून आतले यंत्र निर्दोष ठरले आणि तपास बाल्कनीतल्या बाहेरच्या यंत्रावर आला.

इथे मला माझा आवडता भेद सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण कितीतरी दुरुस्त्या तो न कळल्याने फसतात. कंपन जिथे उपजते ती जागा एक, आणि ते जिथे आवाज होऊन उमटते ती जागा दुसरी. कॉम्प्रेसर कंप पावणारच. तो त्याचा धर्म आहे, दोष नव्हे. वेगात असताना तो सेकंदाला साठ-सत्तर फेरे घेतो, मंदावला की वीस-तीस. आणि कमी वेगात प्रत्येक फेऱ्याचा हिसका अधिक सुटा आणि अधिक ठळक होतो. हा हिसका त्याच्याखालच्या रबरात जिरला तर कोणाची झोप मोडत नाही. परंतु त्याला एखादी कठीण वाट सापडली, आणि वाटेच्या टोकाला एखादा मोठा पृष्ठभाग त्याच लयीत डोलावयास राजी असला, तर तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे तो पृष्ठभागच गाऊ लागतो. तेव्हा उगमाशी झगडून काही साधत नाही. वाट शोधून ती अडवावी लागते.

अण्णांचा पहिला संशय यंत्राच्या पायांवर गेला, आणि तो स्वाभाविक होता, कारण मागाचे पाय ढिले झाले की आख्खी फरशी बोलू लागते हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी तिला एमसीबी पाडावयास सांगितला आणि मगच पाना हाती घ्यावयास लावले. यंत्र बाल्कनीच्या फरशीवर लोखंडी स्टँडवर होते म्हणून हे त्यांनी होऊ दिले. ते बाहेरच्या भिंतीला लटकते असते तर कॉल तिथेच संपला असता. चारांपैकी एक नट सैल निघाला. तो किती आवळावा, हे अण्णा स्वतः मनगटाने ओळखत; फोनवरून मनगट पाठवता येत नाही. त्यांनी थोडा विचार करून सांगितले की पायाखालचे रबर बघत राहा, त्याची कड जराशी बाहेर फुगली की थांब; ती चपटी झाली तर रबर मेले आणि ते पुन्हा लोखंडासारखेच झाले. यंत्र सुरू केले, कॉम्प्रेसर पुन्हा चालू व्हायला घेतो तेवढी तीनेक मिनिटे वाट पाहिली, वेग उतरू दिला. घुमारा तसाच होता.

मग त्यांनी तिला हात वापरावयास सांगितले. बोटे पंख्याच्या जाळीपासून दूर ठेवून तळहात यंत्राच्या पत्र्यावर दाबायचा: फरक नाही. स्टँडवर: फरक नाही. दोन तांब्याच्या नळ्या काळ्या फोममध्ये गुंडाळून भिंतीत शिरतात, त्या नळ्यांवर भोकाजवळ: आणि ती एकदम म्हणाली, "बाबा, थांबलं." हात काढला, घुमारा आला, हात ठेवला, गेला. "आता तिथं भिंत कशी दिसते?" अण्णांनी विचारले. भोकाच्या खालच्या बाजूस ओलसर डाग होता. त्यांच्या दृष्टीने पुरावा पुरा झाला. बसवणाऱ्याने भोकाच्या कडेशी फोम आखूड कापला होता आणि उघडे तांबे सिमेंटला टेकले होते. त्यातली जाड नळी गार गॅस परत आणते, म्हणून तिच्यावर दव धरते आणि भिंत ओली होते. ज्या जागी ओल, त्याच जागी स्पर्श, आणि त्याच वाटेने कॉम्प्रेसरचा हिसका उशामागच्या भिंतीत उतरत होता. एमसीबी पुन्हा पाडून तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची दुहेरी घडी नळी आणि सिमेंट यांच्या फटीत सरकवली. त्या रात्री भिंत बोलली नाही.

हिशेबी गृहस्थांच्या पदरात एक गोष्ट मला प्रामाणिकपणे घालावी लागते. यंत्राचा पत्रा उघडण्यास अण्णांनी साफ मनाई केली, कारण आतला कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ भार धरून ठेवतो. आणि यंत्र नुसते गुरगुरते, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि काही क्षणांत बंद पडतो, असा प्रकार असता तर तो सर्वस्वी वेगळा आजार होता. तिथे वीज बंद करून मेकॅनिकची वाट पाहण्याखेरीज घरच्या माणसाला काम नाही. परंतु त्यांचा मूळ आक्षेप मला मान्य नाही, कारण तो असे गृहीत धरतो की मेकॅनिकला काय सांगायचे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. "आवाज येतो" ही तक्रार झाली. "वेग उतरल्यावर येतो आणि या जागी हात ठेवला की थांबतो" ही कैफियत झाली, आणि दोन चकरा फुकट गेल्या त्या या दोहोंमधल्या अंतरामुळे.

माझी स्वतःची समजूत मात्र त्या ओसरीवर ढळली. अण्णांची विद्या कानात आहे असे मी मानत आलो, आणि त्या रात्री कान तर निकामी होता. उरले ते इतकेच की कशानंतर काय विचारावे, कोणती गोष्ट एकटी पाडावी, कोणत्या उत्तराने कोणता संशय मिटतो. आणि हे सारे शब्दांत सांगता येत होते, असे दिसले. कारखान्यात पोऱ्या शेजारी उभा असल्याने अण्णांनी ते कधी सांगितले नाही. ऐकू येत होते तोवर त्यांना सांगण्याची गरजच पडली नाही. अंतराने आणि त्या बधिर फोनने त्यांच्या तोंडून जे काढले, ते इतकी वर्षे त्यांच्यापाशीच होते. कानामनगटाची विद्या मुकी असते असे यापुढे मी बिनदिक्कत म्हणू शकणार नाही. तिला कोणी प्रश्नात पकडले नाही, एवढेच.

आणि तरीही एका जागी शब्द संपले. नळी भिंतीपासून कायमची दूर करायची तर ती किंचित वाकवावी लागते, आणि तांबे किती वाकते व कुठे चिमटते, सांध्याचा नट किती ताण सोसतो आणि कधी गॅस सोडू लागतो, यासाठी अण्णांनी रबराच्या कडेसारखी एखादी खूण शोधून पाहिली. त्यांना ती सापडली नाही. "तिथं हात लावू नको," एवढेच ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात एजन्सीचा तोच माणूस आला. मुलीने त्याला तापमान वर-खाली करून घुमारा काढून दाखवला, भोकाजवळचा ओला डाग दाखवला, ट्यूबची घडी उपसून पुन्हा बसवून दाखवली. त्याने एकही प्रश्न न विचारता दोन्ही हातांनी नळी धरली, बोटभर अलगद उचलली, नवा फोम चढवून भोकापर्यंत नेला, आणि पंधरा मिनिटांत काम उरकले.