पुसलेल्या भावाची जागा

दिंडोरीच्या मामांच्या द्राक्षबागेचा सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरला, किलोला 40 रुपये. मामांनी दुसऱ्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी भाव पडला आणि त्या ओळीच्या जागी एवढंच उरलं : मेसेज डिलीट केला.

2017 मध्ये ही सोय आली तेव्हा पुसायला 7 मिनिटं मिळायची. चुकीच्या ग्रुपवर गेलेला फोटो मागे घ्यायला तेवढी पुरतात. 2022 पासून 2 दिवस 12 तास मिळतात. एवढ्या वेळात समोरचा त्या शब्दावर विसंबून काहीतरी करून बसलेला असतो.

उरलेली खूण आकडा सांगत नाही, पण काहीतरी लिहिलं होतं याची साक्ष देते. टेलिग्राम तीही ठेवत नाही. तिथे मामांना स्वतःच्याच डोळ्यांवर शंका आली असती.

मामांनी व्यापाऱ्याला फोन लावला. म्हणाले, "काय पुसलंत, तेवढं सांगा."