उसाच्या भावात दडलेलं भांडवलाचं मोल

दौंड तालुक्यात भीमेच्या पट्ट्यात उसाला गिऱ्हाईक कमी नाही. पाटसला सभासदांचा भीमा सहकारी कारखाना, आलेगावला खासगी दौंड शुगर, आणि केडगाव-राहू-यवत भागात रोख पैसे मोजणारी गुऱ्हाळं. शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा सभासदांचा, तर जातेगावचा व्यंकटेशकृपा खासगी. यंत्रं साधारण सारखी, ऊस तोच, साखरेचा बाजारही तोच. तरीही भांडवल किती महाग पडतं, याचं उत्तर खासगी आणि सहकारी कारखान्यात वेगळं येतं. सहकारी कारखान्यात तर ते बहुधा चुकीचं काढलं जातं, असं माझं मत आहे.

हिशेबाची पद्धत सोपी आहे. धंद्यात लागलेला पैसा दोन घरचा असतो, कर्जाचा आणि मालकांचा. दोघांचे दर वेगळे. ज्याचा जितका वाटा, तितकं वजन देऊन सरासरी काढायची, की भांडवलाचा भारित सरासरी खर्च मिळतो. नवा प्रकल्प एवढी टक्केवारी तरी कमावणार नसेल, तर तो कागदावर नफा दाखवूनही मालकाला खाली ओढतो. यात एक वळण कराचं आहे. व्याज हा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, लाभांश होत नाही. त्यामुळे कर्जाच्या व्याजाचा काही भार सरकार उचलतं. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली कर्ज-भांडवलाचं प्रमाण बदलून कंपनीचं मूल्य बदलत नाही, असं मांडलं. पण कराचा हा परिणाम त्यात नीट बसला नव्हता, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्ती छापली.

आकडे घालून पाहू. समजा १०० कोटींचा एक खासगी कारखाना आहे. ६० कोटी बँकेचे ११ टक्क्यांनी, ४० कोटी मालकांचे. मालकाचा नंबर बँकेनंतर लागतो, दुष्काळ पडला तर आधी त्याचा पैसा जातो, म्हणून तो १८ टक्क्यांची अपेक्षा धरतो असं मानू. कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या योजनेत कर अधिभारासह २५ टक्क्यांच्या किंचित वर जातो, आपण २५ धरू. व्याज ६ कोटी ६० लाख. त्यातले २५ टक्के, म्हणजे १ कोटी ६५ लाख, कर कमी भरावा लागल्याने वाचतात. बँकेचा ११ टक्के दर मालकाला ८.२५ टक्केच पडतो. सरासरी निघते १२.१५ टक्के. करबचत नसती तर ती १३.८ झाली असती. हा दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक म्हणजे व्याजाचं करकवच.

आता हेच गणित सहकारी कारखान्यात कसं मांडलं जातं ते बघा. महाराष्ट्रात नव्या सहकारी कारखान्यासाठी रूढ झालेलं प्रमाण होतं १० टक्के सभासदांचं भागभांडवल, ३० टक्के सरकारचं आणि ६० टक्के कर्ज. सहकार कायद्याने लाभांशावर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात तो त्याहून बराच कमी असतो किंवा नसतोच. मग हिशेबनीस लिहितो: कर्ज ८.२५ टक्के, सरकारी भांडवल शून्य, सभासदांचं धरा १० टक्के. सरासरी सहा टक्क्यांच्याही आत येते. या मापाने मोजलं तर १० टक्के कमावणारी कुठलीही डिस्टिलरी, कुठलाही विस्तार सोन्याची खाण दिसतो, आणि वार्षिक सभेत हात वर होतात.

यातला पहिला घोटाळा मालकाच्या मोबदल्याचा आहे. सभासद शेअर घेतो तो लाभांशासाठी नव्हे. ऊस वेळेवर तुटावा आणि भाव चार पैसे जास्त मिळावा, यासाठी घेतो. अनेक कारखान्यांत शेअर १० हजारांवरून १५ हजारांवर गेला. त्यावर कायद्याने मिळू शकणारा जास्तीत जास्त लाभांश २,२५० रुपये. पण कारखान्याने शेजाऱ्यापेक्षा टनाला १०० रुपये जादा दिले आणि सभासदाचा एका एकरातला ४० टन ऊस गेला, तर ४,००० रुपये त्याच्या हातात येतात. दहा एकरवाल्याला तेवढ्याच एका शेअरवर ४० हजार. म्हणजे इथे भागभांडवलाचा मोबदला शेअरमागे मोजून उपयोग नाही, तो टनामागे मोजावा लागतो, आणि तो ताळेबंदात भांडवलाच्या रकान्यात नसून ऊसबिलात असतो.

हे केवळ माझं म्हणणं नाही, आयकर खात्याचंही तेच होतं. ठरलेल्या किमान भावाच्या वर दिलेली रक्कम म्हणजे नफ्याचं वाटप आहे, खर्च नव्हे, असं म्हणत खात्याने कारखान्यांवर कराच्या मागण्या काढल्या. ते वाद वर्षानुवर्षं चालले. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की जादा भाव सगळाच नफा नव्हे आणि सगळाच खर्चही नव्हे. त्यातला नफ्याचा भाग किती, हे अधिकाऱ्याने हिशेब तपासून वेगळं काढावं. त्याआधीच, २०१६-१७ पासून, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंतची ऊसखरेदी खर्च म्हणून वजा करायची तरतूद कायद्यात आली होती. त्यापूर्वीच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. भाव या मर्यादेत असेल तोवर मालकाचा मोबदला आज करमुक्त खर्च आहे, हे लक्षात ठेवायचं.

कारण इथेच करकवचाचा सगळा युक्तिवाद उलटा होतो. कंपनीत कर्ज स्वस्त ठरतं, कारण व्याज वजा होतं आणि मालकाचा मोबदला होत नाही. सहकारी कारखान्यात व्याजही वजा होतं आणि उसाचा भावही. मग कराच्या दृष्टीने कर्जाला भागभांडवलापेक्षा कसलं झुकतं माप उरलं? सगळा वाढावा भावातून वाटला, तर करपात्र नफाच राहत नाही. नफा नसेल तर व्याज कशातून वजा करणार? वरच्या गणितात ८.२५ ऐवजी पूर्ण ११ लिहायला हवेत. शिवाय मालकाची जोखीम शेजारच्या खासगी मालकाइतकीच असेल, तर त्याच्या ४० टक्क्यांना १८ टक्के लावायला हवेत. सरकारी भांडवलही परत करायचं असतंच, त्याला शून्य दर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातली जोखीम न मोजणं. खरी सरासरी १३.८ टक्के. सहाच्या दुपटीहून जास्त.

तरी सहकाराला कराचा फायदा नाही असं नाही, तो वेगळ्या जागी आहे. खासगी मालकाला ४० कोटींवर कर भरून ७ कोटी २० लाख हवेत, तर त्यासाठी आधी ९ कोटी ६० लाख कमवावे लागतात. व्याज धरून १६ कोटी २० लाख. सहकारी कारखान्याला तोच मोबदला भावातून द्यायला १३ कोटी ८० लाख पुरतात. हा २ कोटी ४० लाखांचा फायदा मालकाच्या भांडवलावर मिळतो, कर्जावर नाही. म्हणून व्याजावर कर वाचतो, असं म्हणत कर्ज काढणारा सहकारी कारखाना नसलेल्या सवलतीच्या मागे धावतो. वाचणारा कर त्याला बिनकर्जानेही वाचलाच असता.

आता ती १० टक्क्यांची डिस्टिलरी परत बघू, किंवा थेट आपला १०० कोटींचा सहकारी कारखानाच १० टक्के कमावतो असं धरू. रोज अडीच हजार टनांनी दीडशे दिवस चालला, तर गाळप ३ लाख ७५ हजार टन. १० कोटींतून व्याजाचे ६.६ कोटी गेले, उरले ३.४ कोटी, म्हणजे टनाला सुमारे ९१ रुपये. जोखमीच्या मोबदल्यात सभासदाला मिळायला हवे होते ७.२ कोटी, टनाला १९२. कारखाना फायद्यात आहे, बँक खूश आहे, आणि प्रत्येक टनामागे सभासद १०१ रुपये सोडतो आहे. ही रक्कम कुठल्याही अहवालात तोटा म्हणून छापली जात नाही. ती ओळखायची एकच रीत: पाच-सहा हंगामांचा अंतिम भाव शेजारच्या खासगी कारखान्याशेजारी मांडून बघायचा, तोडणी-वाहतूक आणि उतारा यांतला फरक काढून टाकून.

ऊस कमी पडला की काय होतं? व्याज कोटीत ठरतं, ऊस टनात येतो. पूर्ण हंगामात ६.६ कोटी व्याजाचा भार टनाला १७६ रुपये. गाळप दोन लाख टनांवर घसरलं की तोच ३३०. फरक १५४ रुपयांचा, आणि वरचे ९१ त्यात कधीच गेले. दौंड-शिरूरसारख्या भागात हे घडायला दुष्काळच हवा असं नाही. भाव कमी पडला की ऊस शेजारच्या काट्यावर किंवा गुऱ्हाळावर जातो, टनामागचं व्याज वाढतं, भाव आणखी उतरतो.

मग पुढचा सोपा मार्ग म्हणजे ऊसबिल थकवणं. ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी १४ दिवसांत द्यायची, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. पाठ्यपुस्तकं मालपुरवठादाराची देणी या सरासरीत धरत नाहीत, कारण उधारीची किंमत मालाच्या भावातच मिसळलेली असते. इथे मात्र पुरवठादार आणि मालक एकच आहे, आणि त्याने ही उधारी खुशीने दिलेली नाही. २,९०० रुपयांचं बिल तीन महिने थांबलं तर कायद्याच्या दराने टनाला जवळपास १०९ रुपये होतात. ते मागितले जात नाहीत म्हणून कारखाना या पैशाला फुकट समजतो. शेतकरी व्याजाचा शब्द काढत नाही, पण गुऱ्हाळवाल्याने कमी भाव सांगूनही रोख दिले तर तो होकार देतो. त्या होकारात हेच १०९ रुपये मोजलेले असतात, कदाचित जास्तच, कारण सावकाराचा शेकडा दोन महिन्याला असतो.

थकबाकी बँकेकडेही पोहोचली की करकवचाची उरलीसुरली आशाही संपते. आयकर कायद्यात बँकेचं व्याज प्रत्यक्ष फेडल्यावरच वजा होतं. थकलेलं व्याज नव्या कर्जात वळवून दिलं, तर ते फेडलं असं धरत नाहीत. मागचा धंद्यातला तोटा पुढच्या नफ्यातून वळता करायचा तर मुदत आठ वर्षांची. म्हणजे ज्या कारखान्याला व्याजाचा बोजा सर्वात जड, त्यालाच या सवलतीचा हात मिळत नाही. ती मिळते रांजणगाव-कुरकुंभच्या वसाहतींतल्या नफ्यातल्या, वेळेवर हप्ते भरणाऱ्या कंपन्यांना. कर्जाची वजावट बळकटाला बळ देते आणि आजाऱ्यासाठी कागदावरच राहते.

भीमा पाटस २०२२ मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे भाडेपट्ट्याने गेला; घोडगंगा बंद असणं हा २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतला शिरूरचा मोठा मुद्दा होता. भाडेपट्ट्याने चालवणारी कंपनी आली की एक गंमत होते. त्याच बॉयलरला, त्याच गव्हाणीला पुन्हा खासगी गणित लागू पडतं: कंपनीला नफा झाला, तर तिच्या व्याजावर करकवच मिळतं. सभासदाचं भागभांडवल मात्र ताळेबंदात जिथल्या तिथे राहतं. त्याचा मोबदला आता कारखान्याच्या वाढाव्यातून नाही, तर भाडेकरू देईल त्या उसाच्या भावातून येतो, आणि भाडं आधी जुन्या कर्जाकडे वळतं. अशा सभासदाच्या पैशाला किती टक्के लावायचे, हे त्या १०-३०-६० च्या कोष्टकावरून सांगता येत नाही. त्यासाठी भाडेपट्ट्याचा करार आणि त्या हंगामाचं ऊसबिल शेजारी ठेवून वाचावं लागतं.