उभी चौकट, आडवं नातं

एका हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनावर आम्ही नऊ मिनिटांची फिल्म केली होती. ती आडव्या पडद्यासाठी होती, 1920 बाय 1080 पिक्सेलची. काही महिन्यांनी तीच फिल्म फोनवर उभी पाहता यावी अशी मागणी आली. म्हणजे 1080 बाय 1920. आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत, म्हणून काम किरकोळ वाटतं. पण आडव्या चित्राची पूर्ण उंची ठेवून त्यातून उभी चौकट कापली, तर तिची रुंदी जेमतेम 608 पिक्सेल भरते. मूळ रुंदीच्या एक तृतीयांशाहूनही थोडी कमी. प्रत्येक शॉटमधलं दोन तृतीयांश चित्र टाकून द्यायचं आणि फिल्म मात्र तीच राहायला हवी, असं ते काम होतं.

सुरुवात मी सगळ्यांसारखीच केली. प्रीमियरमध्ये `Auto Reframe` आहे, रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत `Smart Reframe` आहे. दोन्ही सोयी चित्रातला महत्त्वाचा भाग ओळखतात आणि कापलेली चौकट त्याच्या मागे सरकवत राहतात. मी पहिली वापरली. नऊ मिनिटांत कीर्तनकार एकदाही चौकटीबाहेर गेले नाहीत. चेहरा कायम मधोमध. तरीही पाहताना काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं, आणि नेमकं काय ते कळायला मला तीन वेळा पाहावं लागलं.

पहिली खूण मागच्या खांबाने दिली. मंडपाचा एक लोखंडी खांब टाळकऱ्यांच्या मागे उभा होता. मूळ शूटिंगला कॅमेरा तिवईवर पक्का होता, त्यामुळे तो खांब हलायचं कारणच नव्हतं. पण कीर्तनकार बोलण्याच्या भरात डावी-उजवीकडे झुकत, त्यांच्या चेहऱ्यामागे चौकट झुके, आणि खांबासकट सगळे टाळकरी नावेत बसल्यासारखे डुलत. तेव्हापासून मी ही परीक्षा पाळतो: स्थिर कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये भिंत, खांब, दाराची चौकट यांच्याकडे पाहायचं. ते हलत असतील, तर ती हालचाल आपण बाहेरून घातलेली आहे. कीर्तनकारांचं झुकणं फार तर दोनशे पिक्सेलचं होतं. 608 च्या चौकटीत ते सहज मावत होतं. चौकट स्थिर ठेवली की झुकणं पुन्हा त्यांचं झालं, त्यातला आवेग दिसू लागला.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभे असतात, मागे टाळकरी आणि विणेकरी, बाजूला मृदंग गळ्यात अडकवलेला वादक. निरूपण एका टोकाला पोचतं, कीर्तनकार अभंगाचं चरण उचलतात, किंचित मान वळवून मृदंगाकडे पाहतात, आणि त्या नजरेवर थाप पडते. मग टाळ उठतात. कीर्तनाचा सगळा प्राण त्या मान वळण्यात आणि थाप पडण्यात आहे. आमच्या मुख्य शॉटमध्ये कीर्तनकार मधोमध होते आणि मृदंग त्यांच्या उजवीकडे सुमारे 540 पिक्सेलवर. यंत्राने निवडलेल्या चौकटीत ते मान वळवत होते, कोणाकडे ते दिसत नव्हतं. थाप नुसती ऐकू येत होती. चेहरा शाबूत होता, पण त्या नजरेला उत्तर देणारं कोणी उरलं नव्हतं.

इथे मला ‘विषय’ या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागला. संकलन करताना आपण सहज म्हणतो, या शॉटचा विषय कीर्तनकार. प्रत्यक्षात बहुतेक शॉटचा विषय दोन गोष्टींमधलं अंतर असतो: बोलणारा आणि ऐकणारा, हात आणि वस्तू, नजर आणि ती जिथे पोचते ती जागा. आडवी चौकट हे अंतर स्वतःच सांभाळते, म्हणून आपल्याला त्याचा विचार करावा लागत नाही. उभी चौकट करताना पहिल्यांदा कळतं की आपण नेमकं काय दाखवत होतो. म्हणून आता कापायला बसण्याआधी मी प्रत्येक शॉटपुढे एक ओळ लिहितो: हा शॉट कोणाच्या आणि कशाच्या मध्ये आहे? उत्तरात एकच नाव आलं, तर 608 ची चौकट पुरते. दोन आली, तर मोजायला बसावं लागतं.

ही अडचण फोनने आणलेली नाही. ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट 1953 चा, आपल्याकडचा ‘कागज़ के फूल’ 1959 चा. असे रुंद चित्रपट पुढे चौकोनी टीव्हीवर दाखवताना कोणीतरी बसून ठरवत असे की या क्षणी डावीकडचा माणूस ठेवायचा की उजवीकडचा, आणि चौकट एकीकडून दुसरीकडे सरकवत असे. दिग्दर्शकाने रुंद पडद्याच्या दोन टोकांना उभी केलेली माणसं अशा वेळी कधीच एकत्र दिसत नसत. तरी टीव्हीला निम्म्याहून थोडं जास्त चित्र मिळत होतं. आपल्या हाती त्याहूनही कमी आहे.

मग त्या नजरेच्या शॉटचं काय करायचं? माझा पहिला उपाय सरकवण्याचाच होता: कीर्तनकार मान वळवतात तशी चौकट उजवीकडे न्यायची. ते डोळ्यांना फार जड गेलं, आणि कारण साध्या गणितात होतं. 540 पिक्सेल सरकणं आडव्या पडद्यावर रुंदीच्या पाव भागाहून थोडं जास्त असतं. 608 च्या चौकटीत तेच सरकणं जवळजवळ अख्खी चौकट ओलांडणं होतं. एका सेकंदात ते केलं की चित्र झपकन वाहून जातं, तीन सेकंद दिले तर थाप आधीच पडून गेलेली असते. म्हणून लांबचं सरकणं मी आता टाळतो. सरकवायचंच असेल, तर चौकटीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, शॉटमध्ये एकदाच, आणि शॉटमधल्या कोणाच्या तरी हालचालीबरोबर सुरू होऊन तिच्याबरोबरच थांबणारं.

दुसरा उपाय कटचा. एकाच शॉटमधून दोन चौकटी काढायच्या: आधी कीर्तनकार, मग मृदंग. पण दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून, एकाच आकाराच्या. मधला जो पट्टा दोन्हींत येतो, त्यात कीर्तनकारांचं कोपर होतं, आणि कटवर ते उडी मारून चौकटीच्या दुसऱ्या कडेला गेलेलं दिसत होतं. मृदंगाची चौकट आणखी लहान करून कोपर टाळता आलं असतं. मात्र पूर्ण उंचीची 608 ची चौकट 1080 रुंद करताना चित्र आधीच 178 टक्के ताणलं जातं. फोनच्या लहान पडद्यावर चेहऱ्याला ते चालून जातं. त्याहून पुढे गेलं की वीणेच्या तारा पुसट होतात, आणि मंडपाच्या काळोखात चौकोनी ठिगळं दिसू लागतात. मूळ चित्रण 3840 बाय 2160 चं असतं, तर उभी चौकट 1215 रुंद निघाली असती आणि ताणायची वेळच आली नसती. आमच्याकडे ते नव्हतं.

तिसरा उपाय एकावर एक दोन चौकटी ठेवण्याचा: वर कीर्तनकार, खाली मृदंग. दोघेही पूर्ण दिसले. पण कीर्तनकार उजवीकडे पाहत होते आणि मृदंग खाली होता. नजर भलत्याच दिशेला जात होती. कॅमेऱ्याकडे पाहून मुलाखत देणाऱ्या दोघांना ही मांडणी जमते. ज्यांच्यात नजरेची देवघेव आहे, त्यांना ती दोन वेगळ्या खोल्यांत बसवते.

शेवटी जे जमलं ते साधं होतं. मी त्या सहा सेकंदांपुरती पूर्ण उंची भरण्याचा हट्ट सोडला. मूळ चित्रातून 1080 बाय 1080 चा चौरस घेतला, कीर्तनकारांच्या डाव्या खांद्यापासून मृदंगाच्या पलीकडच्या पुडीपर्यंत. त्याला काडीचंही ताणावं लागलं नाही. उभ्या पडद्यावर वर-खाली मिळून 840 पिक्सेल रिकामे राहिले. ते गडद ठेवले, चौरस मधल्या रेषेच्या किंचित वर बसवला आणि खालच्या जागेत चाललेलं अभंगाचं चरण लिहिलं. अक्षरं अगदी तळाशी नेली नाहीत, कारण फोनवर तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. त्याच चित्राचा धूसर मोठा तुकडा मागे पसरून रिकामी जागा भरायची पद्धत आहे. मी ती टाळली. डोळा त्या हलत्या धुक्याकडे जातो, आणि मान वळण्याचा क्षण निसटतो.

त्या चौरसात नजर वळली, थाप पडली, आणि थापेवरच मी दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या मृदंगावरच्या हातांवर कट केला. तिथे चौकट पुन्हा पूर्ण उंचीची. आता चौकट मोठी होण्याला कारण मिळालं होतं: ती वाद्याच्या आवाजाबरोबर उघडत होती.

बाकीच्या शॉटमध्ये दोन गोष्टी ध्यानात आल्या. टाळकऱ्यांची ओळ समोरून, पडद्याला समांतर घेतलेली होती, तिथे उभ्या चौकटीत तीन माणसं उरली आणि ओळ उरलीच नाही. तीच ओळ ओळीच्या टोकाशी उभं राहून घेतलेल्या शॉटमध्ये एकामागे एक अशी खोल जात होती, आणि तिथे उभी चौकट आडवीपेक्षा सुंदर दिसली. समूह रुंदीत मांडला तर उभ्या चौकटीत तुटतो, खोलीत मांडला तर टिकतो. हे संकलनाच्या खोलीत कळून उपयोग नाही, कॅमेरा लावतानाच कळायला हवं. दुसरी गोष्ट नावाच्या पट्टीची. आमच्याकडे पट्ट्या चित्रातच छापलेली प्रत होती. कापल्यावर ‘ह.भ.प.’ गेलं आणि अर्धं आडनाव राहिलं. कोणाच्याही नावाची अशी मोडतोड करायचा आपल्याला हक्क नाही. पट्ट्यांविना प्रत शोधून काढली आणि नावं उभ्या मांडणीत दोन ओळींत पुन्हा लिहिली.

एक शॉट मात्र कापताच आला नाही. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री मंडपाच्या मागून घेतलेला: डाव्या टोकाला बायका, उजव्या टोकाला पुरुष, मधून जाणारी मोकळी वाट आणि टोकाशी लहानसे दिसणारे कीर्तनकार. तीनही ठिकाणी चौकट ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी अर्धं गाव गेलं. तो शॉट मी पूर्ण ठेवला, 1080 बाय 608 ची आडवी पट्टी, पडद्याच्या मधोमध. फोनवर ती लहान दिसते. माणसं मुंग्यांएवढी दिसतात. पण सगळी माणसं आहेत, आणि ती कोणाकडे पाहताहेत तेही त्या चित्रात आहे.